प्रकरण संपलं, पुस्तक हातातच: तीन पानांची प्रकरणं आणि आपली वाचायची सवय

ज्यांना कानात हेडफोन घालणं आज जमणार नाही त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी अवतार. बोलताना मी जिथे अडखळले, खोकले किंवा मागून कुकरची शिट्टी झाली ते काढून टाकलंय. बाकी जसं बोलले तसंच बरंचसं ठेवलंय.

सुरुवात गाडीपासून करते. वर्धा ते नागपूर मी आठवड्यातून तीन-चार वेळा पॅसेंजरने जाते. दीड-पावणेदोन तास लागतात. सेवाग्राम, सेलू रोड, सिंदी, बुटीबोरी, खापरी, अजनी, मधली छोटी स्टेशनं वेगळीच. गाडी दर दहा-बारा मिनिटांनी थांबते. या गाडीत मी बरीच पुस्तकं संपवली, आणि एक गोष्ट फार उशिरा लक्षात आली. काही पुस्तकं मी स्टेशन आलं की बंद करायचे. मान वर करायचे, चहावाला दिसतो का बघायचे, मग पुन्हा उघडायचे. आणि काही पुस्तकांत सिंदी कधी गेलं तेच कळायचं नाही. गंमत अशी की ज्यांत सिंदी कळायचं नाही, त्यांची प्रकरणं तीन-चार पानांची असायची. म्हणजे थांबायला सगळ्यात जास्त जागा ज्या पुस्तकात, तिथेच मी थांबत नव्हते.

हे उलटं कसं काय? आजचा भाग त्यावर.

आधी थोडं मागे जाऊ. माझ्या मामांची पुलगावला पुस्तकं भाड्याने द्यायची लायब्ररी होती. लायब्ररी म्हणजे काय, एक खोली, तीन भिंतींना फळ्या आणि दारात टेबल. सगळ्यात जास्त फिरायच्या त्या रहस्यकथा. बाबूराव अर्नाळकर आणि गुरुनाथ नाईक ही दोन नावं तर तुम्ही आजोबा-काकांच्या तोंडून ऐकली असतीलच. दोघांनीही हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड हे त्या काळचे सुपरहिरो होते. ही पुस्तकं हातात मावतील एवढी, बारीक. आणि भाडं दिवसावर. आज नेलं तर उद्या परत, नाहीतर दुसऱ्या दिवसाचे पैसे.

मामा म्हणतात, "लोकं रात्री जेवण झालं का घेऊन बसत अन् सकाळी वापस आणून देत." म्हणजे वाचायचं माप काय होतं? पूर्ण पुस्तक. एका बैठकीत संपणारी गोष्ट. वाचकाला थांबवायचंच नव्हतं, म्हणून मध्ये किती वेळा तोडायचं हा प्रश्न लेखकापुढे आजच्यासारखा नव्हता. वाचकाला धरून ठेवायचं काम अर्धं तर भाड्यानेच केलेलं.

दुसरी वाट आपल्याकडे मासिक-साप्ताहिकांची. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' या त्यांच्याच साप्ताहिकातून हप्त्याहप्त्याने आली. तिथे तुकडा संपला की खाली एक शब्द यायचा, जो आपण सगळे ओळखतो: क्रमशः. या शब्दाचा अर्थ अगदी साधा होता. पुढचं अजून तुमच्या हातात नाही, थांबा. तिकडे इंग्लंडातही तसंच. टॉमस हार्डीच्या 'अ पेअर ऑफ ब्ल्यू आईज' या कादंबरीत, जी १८७२-७३ मध्ये मासिकातून येत होती, एक माणूस खरोखरच कड्याला लटकलेला राहतो. क्लिफहँगर हा शब्द समजावताना लोक हमखास तेच उदाहरण देतात.

आता इथे नीट लक्ष द्या, कारण सगळा घोळ इथेच आहे. साप्ताहिकात थांबावं लागतं कारण पुढचा अंक छापलेलाच नाही. छापील थ्रिलरमध्ये पुढचं प्रकरण पान उलटलं की समोर असतं. वाट कोणालाच बघायची नाही. मग लेखक 'क्रमशः' का म्हणतोय? वाट बघायला न लावता त्याला नेमकं काय मिळतं?

हे बघायला मी एक पुस्तक घेतलं, जे तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचलंय, निदान सिनेमा तरी पाहिलाय. डॅन ब्राऊनचं 'द दा विंची कोड'. मूळ इंग्रजी पुस्तक २००३ चं. मराठीत अजित ठाकूर यांचा अनुवाद मेहता पब्लिशिंग हाऊसने काढला. इंग्रजी पहिल्या आवृत्तीची पानं साडेचारशेच्या आसपास आणि प्रकरणं १०५, वर सुरुवातीचा नि शेवटचा तुकडा वेगळा. भागाकार केला तर प्रकरणामागे सव्वाचार पानं. आणि ती सव्वाचार पानंही सरासरी आहे. काही प्रकरणं दीड-दोन पानांतच आटपतात.

यातली नववं ते बारावं अशी चार प्रकरणं घेऊ. नाही वाचलं तरी चालेल, मी सांगते.

पॅरिसमधल्या लूव्र संग्रहालयात खून झालाय. पोलीस अधिकारी फाश याने लँग्डन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाला रात्री झोपेतून उठवून तिथे आणलंय, तज्ज्ञ म्हणून. निदान लँग्डनचा समज तरी तसा आहे. नवव्या प्रकरणात सोफी नावाची पोलिसांतलीच एक बाई येते आणि त्याला सांगते, तुमच्या वकिलातीने तुमच्यासाठी निरोप ठेवलाय, या नंबरवर फोन करा. लँग्डन फाशसमोरच फोन लावतो. पलीकडून सोफीच्याच आवाजातलं रेकॉर्डिंग ऐकू येतं. ती त्याला बजावते की चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका, तुम्ही धोक्यात आहात. आणि नववं प्रकरण तिथेच तुटतं.

आता वाचक म्हणून तुम्हाला काय हवंय? धोका कोणता, कोणाकडून, आणि फाशला काही कळलं का. बरोबर? तर दहाव्या प्रकरणात यातलं काहीही येत नाही. लेखक आपल्याला उचलतो आणि एका चर्चबाहेर गाडीत बसलेल्या सायलस या मारेकऱ्याकडे नेऊन ठेवतो. तो काय करतोय? आठवतोय. त्याचं लहानपण, घर, तुरुंग, त्याला कोणी आसरा दिला. अकराव्यात आपण पुन्हा लूव्रमध्ये येतो, पण फाश आणि सोफीची वादावादी ऐकायला. लँग्डन मित्राच्या अपघाताची वाईट बातमी आल्याचं सांगून स्वच्छतागृहाकडे जातो. बाराव्यात कुठे सोफी त्याला गाठते आणि दाखवते की त्याच्या कोटाच्या खिशात माग काढणारं छोटंसं यंत्र पोलिसांनीच टाकलंय.

नवव्यात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बाराव्यात. मध्ये दोन प्रकरणं.

माझ्या मते खरी हातचलाखी दहाव्या प्रकरणात आहे, नवव्यात नाही. एखाद्या माणसाचं लहानपण सांगणं हे थ्रिलरमधलं सगळ्यात संथ काम. ते पहिल्या पानावर टाकलं असतं तर तुम्ही-आम्ही मोबाईल काढला असता. पण नवव्या प्रकरणाने आपल्याला इतकं अडकवून ठेवलंय की आपण ते निमूट वाचतो. वर असंही वाटतं की पुस्तक सुसाट चाललंय. घटना तर थांबलेली आहे! लँग्डन फोन कानाला लावून जिथल्या तिथे उभा आहे. वेग घटनेत नाही, आपल्या ओढीत आहे.

याला मी उधारी म्हणते. किराणा दुकानातल्या वहीसारखी. प्रकरणाच्या शेवटी लेखक वाचकाकडून धीर उसना घेतो आणि तो पुढच्या प्रकरणात खर्च करतो: कोणाचा तरी भूतकाळ सांगायला, जागा समजावायला, इतिहासाची दोन पानं द्यायला. उधारी वेळेवर फेडली तर गिऱ्हाईक पुन्हा देतं. नाही फेडली तर काय होतं ते पुढे सांगते, कारण ते माझ्याच बाबतीत झालं.

छोट्या प्रकरणाने आणखी एक गोष्ट मिळते, ती म्हणजे दोन प्रकरणांमधली कोरी जागा. मोठ्या प्रकरणात माणूस खोलीतून बाहेर पडला तर त्याला जिना उतरावा लागतो, गाडी सुरू करावी लागते, रस्ता कापावा लागतो. किमान एखादं वाक्य तरी द्यावंच लागतं. प्रकरण तुटलं की हे सगळं त्या कोऱ्या जागेत गडप होतं. आधीच्या ओळीत तो हॉटेलात, पुढच्या ओळीत संग्रहालयाच्या दारात. पुस्तकात अशा शंभर कोऱ्या जागा असतील तर शंभर जिने, शंभर रस्ते वाचले. वेग वाढल्यासारखा वाटतो त्याचं हे अगदी साधं, गवंडीकामासारखं कारण आहे, आणि त्याबद्दल कोणी फार बोलत नाही.

आता वाचकाकडे येऊ, म्हणजे आपल्याकडे. आपण थांबत का नाही?

तुम्ही स्वतःला पकडून बघा. रात्री प्रकरण संपलं की आपण एक चोरटी गोष्ट करतो. पुढचं प्रकरण किती पानांचं आहे ते चाळून बघतो. अठरा पानं निघाली तर पुस्तक बंद, उद्या बघू. तीन पानं निघाली तर "एवढं वाचून झोपते". त्या तीन पानांच्या शेवटी पुन्हा तोच हिशोब, पुन्हा तीनच पानं. प्रत्येक वेळी आपण फक्त तीन पानांना हो म्हणतो. साठ पानं वाचायची का, असं आपल्याला कोणी विचारलंच नाही, नाहीतर नाही म्हटलं असतं. छोट्या प्रकरणाची किंमत कमी दिसते म्हणून ते घेतलं जातं. हुक फक्त शेवटचा धक्का देतो. जेम्स पॅटरसनसारख्या लेखकांनी दोन-तीन पानांची प्रकरणं आपली ओळखच करून टाकली. २०१६ मध्ये त्याने दीडशे पानांच्या आतली स्वस्त पुस्तकांची मालिकाही काढली, तीही याच हिशोबावर.

दुसरा भाग मनाचा. बर्लिनमध्ये १९२० च्या दशकात ब्लूमा झायगार्निक नावाच्या संशोधिकेने लोकांना छोटी छोटी कामं दिली आणि काही मध्येच थांबवली. तिचा निष्कर्ष असा की अर्धवट राहिलेली कामं जास्त लक्षात राहतात. इंटरनेटवर क्लिफहँगरची गोष्ट निघाली की हे नाव येतंच. पण नंतर इतरांनी तपासलं तेव्हा लक्षात राहण्याचा भाग डळमळीत निघाला. जास्त टिकून राहिलं ते तिच्याच सोबतच्या मारिया ओव्हस्यांकिनाचं निरीक्षण: मध्येच तोडलेलं काम माणूस संधी मिळताच स्वतःहून पुन्हा हातात घेतो. म्हणजे आठवण पक्की होते याची खात्री नाही, पण पुन्हा उचलायची ओढ मात्र होते.

हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण माझा अनुभव अगदी तसाच आहे. असली पुस्तकं मी हातातून ठेवत नाही आणि महिन्याभराने मधलं काहीही आठवत नाही. सुरुवातीचा खून आठवतो, शेवटचा उलगडा आठवतो. मध्ये कोण कोणाच्या मागे कुठल्या शहरात पळालं, विचारू नका. यात पुस्तकाचा दोष आहेच असं नाही, वाचायची पद्धतच बदलते. आपण उत्तराकडे धावत असतो, मग वर्णन आलं की डोळे आपोआप खालच्या संवादावर उडी मारतात. पुढे पुढे तर मी प्रकरणाचा शेवटचा परिच्छेद आधी बघायला लागले होते. आणि ही सवय दुसऱ्या पुस्तकांतही शिरते. नारायण धारपांची भयकथा घ्या. तिथे भीती घरात ओल चढावी तशी हळूहळू चढते. एक खोली, एक वास, रोज थोडं थोडं बदलणारं काहीतरी. मागच्या पावसाळ्यात मी धारप वाचायला घेतले आणि पंधराव्या पानावर माझं बोट पुढे चाळायला लागलं, "धक्का कुठाय?" म्हणून. शाळेत असताना याच लेखकाने मला रात्री अंगणात जाऊ दिलं नव्हतं. लेखक तोच होता, बदलले होते मी. ते मला बोचलं, आणि हा भाग करायचं ठरलं ते तिथून.

कानाने ऐकणाऱ्यांचं थोडं वेगळं आहे. पान चाळून पुढचं प्रकरण किती मोठं ते बघता येत नाही, आणि उडी मारायची तर ठरावीक सेकंदांचीच. पण थांबण्याचा निर्णयही आपल्या हातून जातो, कारण दोन प्रकरणांत दोन सेकंदांची शांतता असते आणि पुढचं आपोआप सुरू होतं. पुस्तकात निदान पान उलटावं लागतं. काही ॲपमध्ये 'प्रकरण संपल्यावर बंद कर' असा झोपेचा टायमर असतो. थ्रिलर ऐकताना तो लावून बघा. बरोबर त्या जागी आवाज बंद होतो जिथे झोप उडालेली असते.

आता माझी फजिती.

मागच्या वर्षी मी याच पॉडकास्टवर बारा भागांची एक थ्रिलर मालिका लिहिली आणि वाचली. जुन्या श्रोत्यांना आठवत असेल. हिंगणघाटची एक जिनिंग फॅक्टरी, तिथला मुनीम एका रात्री गायब होतो, आणि त्याची भाची शोध घ्यायला निघते. मी मिनिटाला साधारण १२० शब्द वाचते, म्हणून प्रत्येक भाग ८०० ते ९०० शब्दांचा ठेवला, सात मिनिटं. प्रत्येक भागाच्या शेवटी हुक. पहिले चार भाग मस्त गेले. पाचव्या-सहाव्यापासून ऐकणारे गळायला लागले. मला वाटलं हुक कमी पडतायत. मी आणखी जोरात टाकले. आणखी गळाले.

शेवटी मामांना ऐकवली. पुलगावला त्यांच्या ओसरीत बसून सलग सात भाग. सातवा संपल्यावर त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "काहून गं, तू त लोकायले नुसतं दचकवून राहिली. दार वाजलं, दार वाजलं, अन् दारात कोण? दूधवाला."

अक्षरशः दूधवालाच होता. चौथ्या भागाचा शेवट: रात्रीचे तीन, दारावर थाप. पाचव्याच्या सुरुवातीला कळतं, शेजारची बाई आहे. पाचव्याचा शेवट: अनोळखी नंबरवरून फोन. सहाव्यात कळतं, आईने दुसऱ्याच्या फोनवरून केलाय. सहाव्याचा शेवट: पहाटे अंगणात सावली. सातव्यात दूधवाला. मी दर भागाच्या शेवटी उधारी घेत होते आणि पुढच्या भागाच्या पहिल्या ओळीत खोटं नाणं परत देत होते. मामा एवढंच म्हणाले, "तीनदा असं झालं का गिऱ्हाईक चौथं पुस्तक नेत नाही. तोंडानं काही म्हणत नाही, येतच नाही."

घरी येऊन मी बाराही भागांचे फक्त शेवट एका कागदावर लिहून काढले. मग प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहिला: शेवटच्या दोन ओळी खोडल्या तर गोष्टीत काय कमी होतं? दाराची थाप खोडली, काहीच कमी झालं नाही. फोन खोडला, तरी काही नाही. सावली खोडली, उलट प्रसंग बरा वाटायला लागला. बारापैकी सात हुक असे निघाले. बाहेरून डकवलेले, प्रसंगातून आलेले नाहीत.

मग सहावा भाग नव्याने लिहिला. प्रसंग असा होता की भाची फॅक्टरीच्या ऑफिसात जुनी कागदपत्रं चाळते आणि तिला काही सापडत नाही. निराश होऊन घरी येते, आणि मग ती पहाटेची सावली. मी सावली काढली आणि तिला त्या कागदांतच काहीतरी सापडू दिलं. कापसाच्या गाड्या वजनकाट्यावर मोजल्या की पावती फाटते, त्यावर मुनिमाची सही असते. ती पावत्या एकेक करून बघते. सही मामाचीच आहे, ओळखीची, शेवटचं अक्षर खाली ओढलेलं. तारखेवर तिची नजर जाते. मामा गायब झाल्याच्या तीन दिवसांनंतरची तारीख. भाग तिथे संपवला.

फरक बघा. दाराच्या थापेचा प्रश्न असतो 'कोण आहे?', आणि उत्तर एका शब्दात मिळून संपतं. पावतीच्या तारखेने सगळी गोष्टच हलते. मामा जिवंत होता का? कोणी जबरदस्तीने सह्या घेतल्या का? की सही खोटी, आणि मग तिच्या ओळखीचं ते अक्षर कोण इतकं हुबेहूब काढतो? आधीच्या पाच भागांत ऐकलेलं श्रोत्याला परत मनात फिरवावं लागतं. शिवाय हे उत्तर मी दोन भाग लांबवू शकते, श्रोता चिडत नाही, कारण त्याच्या हातात विचार करायला काहीतरी दिलंय. थापेचं उत्तर दोन भाग लांबवून बघा, लोक शिव्या देतील.

आणखी एक बदल केला तो मोजणीचा. बाराच्या बारा भाग हुकवर संपत होते. त्यातले तीन मी शांत केले. नवव्या भागाच्या शेवटी भाची पवनारला धाम नदीच्या काठी बसते, पावती घडी करून पर्समध्ये ठेवते, बस्स. सगळ्याच शेवटी झटका असला तर श्रोत्याला तो आधीच कळायला लागतो. साडेसहा मिनिटं झाली की तो सावध होऊन बसतो, म्हणजे झटका लागण्याआधीच त्याने अंग आखडून घेतलेलं असतं. मध्ये एखादा भाग साधा संपला तर पुढच्या वेळी त्याला अंदाज लागत नाही. मी स्वतः गाडीत थ्रिलर वाचताना आता हे तपासते. प्रकरणाच्या शेवटच्या पानाला येताच मला "आता येईल" असं वाटायला लागलं की समजते, लेखकाने झटक्यांची गोळी जास्त वेळा दिलीय.

एका ठिकाणी मात्र छोटं प्रकरण माझ्या काहीच उपयोगाचं नव्हतं. मालिकेत मुनिमाच्या बायकोची जबानी आहे. नवरा कसा होता, फॅक्टरीत काय चालायचं, तिला कधीपासून संशय येत होता. रहस्य उलगडायला लागणाऱ्या तीन खुणा तिच्या बोलण्यात मी पेरल्या आहेत, सहज, स्वयंपाकाच्या नि दुखण्याच्या गप्पांत लपवून. खूण लपवायची तर भोवती जागा लागते. सात मिनिटांत तीन खुणा टाकल्या तर त्या भाजीतल्या खड्यासारख्या दाताखाली येतात. श्रोत्याला लगेच कळतं की हे वाक्य मुद्दाम आहे. जबानी आधी मी तीन तुकड्यांत तोडली होती, प्रत्येकाच्या शेवटी हुक लावून. त्यामुळे काय झालं, प्रत्येक तुकड्याचं शेवटचं वाक्य आपोआप महत्त्वाचं ठरलं, आणि बाईचं बोलणं बोलणं राहिलंच नाही, साक्षीदाराच्या पिंजऱ्यातलं उत्तर झालं. ज्याला खुनी स्वतः ओळखायचाय अशा वाचकासाठी लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. तीन पानांच्या प्रकरणात पळापळ छान होते, लपवाछपवी अवघड जाते.

म्हणून आठवा भाग मी सलग ठेवलाय. एकोणीस मिनिटांचा आहे, मध्ये संगीत नाही, शेवटी दचकवणं नाही. बाई बोलते आणि थांबते. बदललेले भाग याच आठवड्यात जुन्या भागांच्या जागी टाकतेय. आठवा ऐकताना तुमचं बोट पुढे सरकवायच्या बटणावर गेलं तर कितव्या मिनिटाला गेलं ते मला कळवा. माझं स्वतःचं, एडिट करताना, अकराव्या मिनिटाला गेलं होतं.